वाढावा कुठे धरायचा

मापं घेऊन, गुणाकार करून, कपाती वजा करून मालाची यादी तयार झाली की कागदावर असे आकडे उभे राहतात: सिमेंट ७६.८५ पिशव्या, वाळू १.४१ ब्रास, खडी २.८३ ब्रास, दहा मिलिमीटरची सळई ८६३ मीटर. गणित बरोबर असतं. पण यातली एकही गोष्ट दुकानात या मापानं मिळत नाही. सिमेंट ५० किलोच्या बंद पिशवीतून येतं, सळई बारा मीटरच्या गजातून, आणि वाळू-खडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीनं किंवा डंपरनं. शिवाय जे येतं ते सगळं स्लॅबमध्ये जात नाही. थोडं सांडतं, थोडं मातीत मिसळतं, थोडं कापताना तुकड्यांत जातं. म्हणून हिशोबाच्या यादीपासून खरेदीच्या यादीपर्यंत जाताना काहीतरी वाढवावं लागतं. किती वाढवायचं, कुठल्या पायरीवर वाढवायचं आणि वाढवलेलं दुसऱ्यांदा वाढवलं जाणार नाही याची काळजी कशी घ्यायची, हा या पुस्तकाचा विषय आहे. ही प्रस्तावना लांबली आहे, कारण सबंध पुस्तकाची रीत एकाच उदाहरणावर आधी दाखवावी असं मला वाटलं.

साइटवर या वाढीला एकच उत्तर ऐकू येतं: पाच टक्के धरा. सिमेंटला पाच, वाळूला पाच, सळईला पाच. या सवयीत तीन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या जातात. पहिली नासाडी, म्हणजे वेस्टेज. ती होणारच असते आणि तिचा अंदाज अनुभवानं सांगता येतो. दुसरी तजवीज. होईल की नाही हे माहीत नसलेल्या, पण झाल्यास काम अडवणाऱ्या गोष्टीसाठी ती ठेवायची. तिसरी गोष्ट म्हणजे अपुरं माप पूर्ण पिशवीपर्यंत, पूर्ण गजापर्यंत किंवा पूर्ण गाडीपर्यंत नेणं. हिचा कामाशी संबंध नाही. माल कसा बांधून विकला जातो याच्याशी आहे. तिन्हींची कारणं वेगळी असल्यानं त्यांचे रकानेही वेगळे हवेत. सरकारी अंदाजपत्रकाच्या तळाशी आकस्मिक खर्च म्हणून तीन ते पाच टक्के धरतात, ती चौथीच गोष्ट. ती पैशांची तरतूद असते आणि संपूर्ण कामाच्या रकमेवर असते. तिच्यावरून पिशव्यांची संख्या ठरवता येत नाही.

आता उदाहरण. चिपळूणच्या बाजूला एखाद्या गावात मे महिन्यात, पावसाच्या आधी, एका घराचा स्लॅब टाकायचा आहे असं समजू. घर बाहेरून ३० फूट लांब, २० फूट रुंद. मधोमध एक बीम, त्यामुळे १५ बाय २० च्या दोन खोल्या. स्लॅबची जाडी पाच इंच. चारही कडांना आणि मध्ये नऊ इंच रुंदीचे बीम, स्लॅबच्या खाली एक फूट उतरलेले. स्लॅबचं काँक्रीट ६०० चौरस फूट गुणिले पाच इंच, म्हणजे २५० घनफूट. बीम मोजताना पहिली वाढ नकळत घुसते. दोन लांब बीम ३० फुटांचे आणि तीन आडवे २० फुटांचे असं मोजलं, तर कोपऱ्यांतलं आणि जोडांतलं काँक्रीट दोनदा मोजलं जातं. आडवे बीम लांब बीमांच्या मध्ये बसतात, म्हणून त्यांची लांबी साडेअठरा फूट. एकूण लांबी ११५.५ फूट आणि काँक्रीट ८६.६ घनफूट. दोन्ही मिळून ३३६.६ घनफूट, म्हणजे ९.५३ घनमीटर. मूळ मोजमापात अशी ढिलाई सोडून तिलाच वाढावा मानणारे लोक आहेत. मला ते मान्य नाही. मूळ आकडा नेमका असला, तरच पुढे कुठे किती वाढवलं ते दिसतं.

मिश्रण एकास दीडास तीन, म्हणजे एम-२०. ओलं काँक्रीट एक घनमीटर हवं असेल तर सुटा माल १.५४ घनमीटर लागतो, हा नेहमीचा गुणक. त्यावरून घनमीटरला सिमेंटच्या साधारण ८.०६ पिशव्या, वाळू ०.४२ घनमीटर आणि खडी ०.८४ घनमीटर. याला ९.५३ नं गुणलं की वरचे आकडे मिळतात.

सिमेंटपासून सुरुवात करू. फाटलेली पिशवी, पिशवीच्या तळाशी राहिलेलं सिमेंट, मिक्सरच्या ड्रमला चिकटणारा पहिला घाणा, घमेल्यातून सांडलेलं काँक्रीट, हे सगळं धरून दोन टक्के नासाडी पुरते. म्हणजे दीड पिशवी. आता तजवीज. स्लॅबच्या बाबतीत खरी अनिश्चितता जाडीची असते. सेंट्रिंगच्या प्लेटा कुठेतरी दबतात, लेव्हल देताना कारागीर हात थोडा उंच ठेवतो, आणि पाच इंचांचा स्लॅब सव्वापाच इंच होतो. पाव इंच डोळ्यांना दिसतही नाही. पण ६०० चौरस फुटांवर पाव इंच म्हणजे साडेबारा घनफूट काँक्रीट, आणि त्याला जवळजवळ तीन पिशव्या सिमेंट लागतं. ही तजवीज टक्क्यांत मांडण्यापेक्षा अशी कारणासकट मांडावी, असं माझं ठाम मत आहे. 'पाव इंच जाडीसाठी तीन पिशव्या' असं लिहिलं की साइटवरच्या माणसाला काय सांभाळायचं ते कळतं. जाडी नीट ठेवली तर त्या तीन पिशव्या उरतील हेही कळतं. '३.७ टक्के' लिहिलं तर यातलं काहीच कळत नाही.

बेरीज: ७६.८५ अधिक दीड, अधिक तीन, म्हणजे ८१.३५. आता शेवटी, एकदाच, पूर्ण पिशवीपर्यंत न्यायचं: ८२. हे शेवटी आणि एकदाच करणं फार महत्त्वाचं आहे. स्लॅब वेगळा, लांब बीम वेगळे, आडवे बीम वेगळे अशा ओळी असतील आणि प्रत्येक ओळीवर अपुरी पिशवी पूर्ण केली, तर दर ओळीमागे सरासरी अर्धी पिशवी वाढते. घराच्या सबंध यादीत सिमेंटच्या वीस ओळी असतात. तिथे दहा पिशव्या नुसत्या या सवयीनं येतात. टक्क्यांचंही असंच होतं. यादी करणारा पाच टक्के धरतो, ती ठेकेदाराकडे गेली की तो पाच टक्के धरतो, आणि मुकादम दुकानात सांगताना आणखी पाच. तीनदा पाच म्हणजे पावणेसोळा टक्के, आणि ७६.८५ चे ८९ होतात. तिघांपैकी प्रत्येकानं सद्भावनेनं काळजी घेतलेली असते. फक्त आधीच्यानं काय धरलं हे पुढच्याला दिसलेलं नसतं, कारण रकाने वेगळे ठेवलेले नसतात.

मग सात पिशव्या उरल्या तर बिघडलं काय, असं विचारलं जातं. ते घर कुठे आहे आणि पुढचं काम कधी आहे त्यावर उत्तर अवलंबून आहे. स्लॅबनंतर लगेच प्लास्टर लागणार असेल तर काहीच बिघडत नाही. पण कोकणात मे अखेरीस स्लॅब टाकून काम दिवाळीपर्यंत थांबणार असेल, तर उरलेलं सिमेंट पाच महिने दमट हवेत पडून राहणार. कोरड्या जागी नीट ठेवलेल्या सिमेंटचीही ताकद तीन महिन्यांत साधारण पाचव्या हिश्शानं उतरते असं धरतात. पावसाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेल्या पिशवीत तर गोळे होतात आणि ती गिलाव्यालाही वापरण्याजोगी राहत नाही. उलट वाळू-खडी उरली तर ती तशीच राहते. सळईचा पूर्ण गज थोडा गंजतो, पण वापरता येतो. तुकडे मात्र भंगारात जातात. त्यामुळे उरण्याची किंमत प्रत्येक मालाची वेगळी. कमी पडण्याची किंमतही तशीच वेगळी. गिलाव्याला सिमेंट कमी पडलं तर गवंडी दुपारी घरी जातो. स्लॅब अर्ध्यावर असताना सिमेंट संपलं तर ओतलेल्या काँक्रीटची कड आवळू लागते, नंतर ओतलेलं तिच्याशी एकजीव होत नाही, आणि तो थंड सांधा पहिल्याच पावसात गळतो. म्हणून एकाच घरात, एकाच सिमेंटला, स्लॅबसाठी तजवीज धरावी आणि गिलाव्यासाठी शून्य धरावी. नियम म्हणून सगळीकडे सारखे टक्के लावणाऱ्याला हा फरक करता येत नाही.

वाळूकडे आलं की एक अशी गोष्ट भेटते जी नासाडीही नाही आणि तजवीजही नाही, तरी यादीत तिला जागा द्यावीच लागते. वाळू ओलसर असली की फुगते. कणांभोवतीच्या पाण्याच्या पापुद्र्यामुळे कण एकमेकांपासून दूर राहतात आणि तेवढ्याच वाळूचा ढीग मोठा दिसतो. पूर्ण कोरडी किंवा पूर्ण पाण्यात बुडालेली वाळू फुगत नाही. मधल्या ओलीला फुगते. पाच टक्क्यांच्या आसपास ओल असेल तर वीस-तीस टक्के फुगवटा सहज असतो, बारीक वाळूत त्याहून जास्त. नदीची वाळू असो की क्रश सँड, हा गुण दोन्हींत आहे. तपासायला सरळ उभ्या भिंतींचं भांडं पुरे. त्यात ओलसर वाळू न दाबता २०० मिलिमीटर उंचीपर्यंत भरा, मग पाणी ओतून ती पूर्ण बुडवा, ढवळा आणि बसू द्या. ती १६७ मिलिमीटरवर बसली तर फुगवटा वीस टक्के.

आपल्याला खरी वाळू १.४१ ब्रास हवी. ती उघड्या जमिनीवर पडते. तळाचा थर मातीत जातो, पावलांनी पसरते, चाळताना मोठे खडे बाजूला होतात. त्यासाठी दहा टक्के धरले तर १.५५ ब्रास. ही झाली नासाडी. आता ही १.५५ ब्रास वाळू फुगलेल्या अवस्थेत गाडीतून येणार, म्हणून वीस टक्के वाढवून १.८६ ब्रास मागवायची. नासाडीत माल जातो, फुगवट्यात काहीच जात नाही. फुगवटा म्हणजे खऱ्या मापातून गाडीच्या मापात केलेलं रूपांतर. कोरडी वाळू आली तर हा रकाना शून्य होतो आणि बाकीचे तसेच राहतात. १.८६ ला दोन ट्रॉल्या, म्हणजे दोन ब्रास, हे नेमकं बसतं. तीन ब्रासचा डंपर मागवला तर ब्रासभर उरेल. पुढे वीटकाम किंवा फरशीखालचा थर असेल तर ती तिथे खपेल. गिलाव्याला मात्र ही जाडी वाळू चालत नाही, त्यामुळे 'प्लास्टरला होईल' या भरवशावर डंपर मागवू नये.

फुगवट्याचा खरा तडाखा मात्र वाळूच्या ओळीवर बसत नाही. तो सिमेंटच्या ओळीवर बसतो, आणि ही गोष्ट फार कमी लोक ध्यानात घेतात. मिक्सरवर माप फर्म्यानं होतं. पिशवीभर सिमेंटचं आकारमान साधारण सव्वा घनफूट, म्हणून सव्वा घनफुटाचा फर्मा. एका पिशवीला वाळूचे दीड फर्मे आणि खडीचे तीन. वाळू वीस टक्के फुगलेली असेल तर दीड फर्म्यात खरी वाळू सव्वा फर्माच जाते. एका पिशवीमागे पडणारं काँक्रीट त्या प्रमाणात कमी होतं, आणि तोच स्लॅब भरायला ७६.८५ ऐवजी साडेऐंशी पिशव्या लागतात. साडेतीन-पावणेचार पिशव्या कुठे गेल्या हे कुणालाच सांगता येत नाही. मुकादम म्हणतो दुकानदारानं पिशव्या कमी टाकल्या, मालक म्हणतो कुणी नेल्या. त्या काँक्रीटमध्येच असतात. यावर सिमेंटचे टक्के वाढवणं हा उपाय नव्हे. वाळूचं माप फुगवट्याइतकं मोठं करावं, म्हणजे पिशवीला दीड फर्म्याऐवजी एक पूर्णांक आठ दशांश फर्मे. तजवीज जिथे तूट दिसते तिथे धरण्याआधी तूट कुठून येते ते पाहावं, याचं यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

खडीला फुगवटा नाही. २.८३ ब्रासवर पाच टक्के नासाडी धरली तर २.९७ ब्रास. तीन ब्रासचा एक डंपर. छान बसलं असं वाटतं, पण इथेच सावध व्हायचं. वाळूच्या बाबतीत पूर्ण गाडीपर्यंत नेताना थोडी मोकळीक आपोआप मिळाली. इथे मिळाली ती फक्त तीन घनफूट, म्हणजे काहीच नाही. त्यातून ब्रास म्हणजे शंभर घनफूट, आणि ते डंपरच्या हौद्यात मोजायचं असतं. हौदा आतून १२ फूट लांब आणि ७ फूट रुंद असेल तर तीन ब्रासला खडी सरासरी तीन फूट सात इंच उंच हवी. ती तीन इंच कमी असेल तर २१ घनफूट गेले, आणि गाडीत २.८ ब्रास आली. नासाडी धरून काढलेलं माप तर सोडाच, नुसत्या गणितातल्या २.८३ लाही ती पुरत नाही. मधे उंचवटा आणि कडांना उतार असला की नुसत्या नजरेला तीन इंच समजत नाहीत. गाडी रिकामी होण्याआधी सळईचा तुकडा हौद्यात पाच-सहा ठिकाणी तळापर्यंत खुपसून उंची मोजावी आणि सरासरी काढावी. कमी भरली तर त्याच दिवशी अर्ध्या ब्रासची ट्रॉली सांगता येते. स्लॅबच्या सकाळी नाही.

आणखी एक. खडी एकाच आकाराची येत नाही. पाऊण इंची आणि अर्धा इंची अशी साधारण साठ-चाळीसच्या प्रमाणात लागली, तर २.९७ चे १.७८ आणि १.१९ होतात. दोन्ही ट्रॉलीच्या मापानं पूर्ण केली तर दोन आणि दोन, एकूण चार ब्रास. यादीची ओळ जितकी फोडावी तितकी पूर्ण करण्यातून होणारी वाढ मोठी होते. अशा वेळी छोट्या ओळीसाठी छोटी गाडी शोधावी, म्हणजे अर्धा इंचीसाठी सव्वा किंवा दीड ब्रास देणारी, आणि तसं जमत नसेल तरच चार ब्रास घ्यावी.

आता सळई. इथे टक्केवारी पूर्ण आंधळी ठरते, आणि पुस्तकातला सगळ्यात मोठा भाग मी याच कारणासाठी सळईला दिला आहे. बीमची सळई बाजूला ठेवून फक्त स्लॅबची जाळी घेऊ: दहा मिलिमीटर, दोन्ही दिशांना १५० मिलिमीटर अंतरावर, आणि मधल्या बीमवर वरच्या अंगाला जादा सळया. घराची लांबी ९१४४ मिलिमीटर आणि रुंदी ६०९६. दोन्ही टोकांना २० मिलिमीटर कव्हर सोडलं तर लांब सळई ९१०४ आणि आखूड ६०५६ मिलिमीटर. लांब सळया ४२ नग, आखूड ६२ नग. मधल्या बीमवरच्या वरच्या सळया ४२ नग, प्रत्येकी साधारण अडीच मीटर. एकूण ८६३ मीटर. सवयीप्रमाणे बारानं भागून पाच टक्के वाढवले की ७६ गज येतात. यादी पूर्ण झाली असं वाटतं.

पण फिटर गज कापायला बसतो तेव्हा त्याच्यापुढे मीटरांची बेरीज नसते, बारा मीटरचा एक गज असतो. लांब सळईसाठी ९.१०४ मीटर कापली की २.८९ मीटरचा तुकडा उरतो. मधल्या बीमवरची अडीच मीटरची सळई नेमकी यात बसते, आणि दोन्हींची संख्याही ४२ आहे. म्हणजे ४२ गजांत लांब सळया आणि वरच्या सळया दोन्ही निघाल्या, आणि उरला तो प्रत्येकी चाळीस सेंटिमीटरचा तुकडा. टक्केवारीनं या भागाला ४३ गज आले असते. इथे फारसा फरक नाही.

आखूड सळईला मात्र वेगळंच होतं. तिची लांबी ६.०५६ मीटर. बाजारात गजाला 'चाळीस फुटी' म्हणतात, आणि वीस फुटांचं घर असल्यानं एका गजात दोन सळया निघतील असं सगळे गृहीत धरतात. पण गज बारा मीटरचा, म्हणजे ३९ फूट ४ इंचांचा. त्यातून ६.०५६ मीटरच्या दोन सळया निघायला ११२ मिलिमीटर कमी पडतात. चार बोटांपेक्षा थोडं जास्त. एवढ्यासाठी प्रत्येक गजातून एकच सळई निघते आणि जवळजवळ सहा मीटरचा तुकडा उरतो. ६२ सळयांना ६२ गज लागतात. टक्केवारीनं ३३ सांगितले होते. २९ गज कमी, म्हणजे २१५ किलो. पाचाऐवजी दहा टक्के धरले असते तरी काही फरक पडला नसता.

यातून बाहेर पडण्याचा रस्ता गणितात नाही, नकाशात आहे. सळईचं टोक नऊ इंची बीमच्या आत जातं. ती ६.०५६ ऐवजी ५.९९ मीटर ठेवली तर प्रत्येक टोकाला कव्हर २० ऐवजी ५३ मिलिमीटर होतं, आणि सळई तरीही बीममध्ये पावणेदोनशे मिलिमीटरच्या आसपास शिरलेली राहते. हे चालेल की नाही हे ठरवण्याचा अधिकार आराखडा करणाऱ्या इंजिनिअरचा. फिटरनं स्वतःहून ठरवू नये. टोक वळवायचं असेल किंवा सळई क्रँक करायची असेल तर लांबी वाढणार आणि हा मार्ग बंद होणार. इंजिनिअरनं हो म्हटलं तर ६२ सळया ३१ गजांत निघतात. एकूण ४२ अधिक ३१, म्हणजे ७३ गज. हा प्रश्न यादी करताना विचारला तर पाच मिनिटांचं काम आहे. कापणी सुरू झाल्यावर विचारला तर सहा मीटरच्या तुकड्यांचा ढीग आधीच पडलेला असतो.

सळईत तजवीज धरायची ती चुकलेल्या कापणीसाठी, आणि तीही पूर्ण गजांत: दोन गज. ७५ झाले. मागणी नगांत द्यावी, पैसे वजनावर द्यावेत. दहा मिलिमीटरच्या गजाचं कागदावरचं वजन ७.४ किलो, पण भारतीय मानक १७८६ प्रमाणे दहा मिलिमीटरपर्यंतच्या सळईच्या लॉटचं वजन सात टक्के वर-खाली असू शकतं, आणि ते पूर्णपणे नियमात बसतं. ७३ गजांचं कागदी वजन ५४० किलो. तुम्ही '५४० किलो द्या' म्हणालात आणि लॉट पाच टक्के जड निघाला, तर ५४० किलोत ६९ गज येतात. वजन बरोबर, काटा बरोबर, दुकानदार प्रामाणिक, आणि तरी चार गज कमी.

सगळं जमवून खरेदीची यादी अशी होते: सिमेंट ८२ पिशव्या, वाळू दोन ब्रास, खडी डंपर मोजून तीन ब्रास किंवा लागेल तशी वर अर्धी, आणि दहा मिलिमीटरचे ७५ गज. एका यादीत चार ओळी आणि चौघींची वाढ चार वेगळ्या रीतींनी काढलेली. पुढच्या प्रकरणांत विटा, गिलावा, फरशी आणि रंग आहेत, पण रीत हीच आहे. फरशीला खोलीच्या कडेचे कापलेले तुकडे मोजावे लागतात, जसे इथे गज मोजले. रंगाच्या डब्याला सिमेंटसारखाच उरण्याचा प्रश्न आहे.

रेडी मिक्स काँक्रीट मिळणाऱ्या गावांसाठी वेगळं प्रकरण दिलं आहे, कारण तिथे पिशव्या आणि ब्रास जाऊन घनमीटर आणि सहा घनमीटरची गाडी येते. आपल्या स्लॅबला नासाडी आणि जाडी धरून दहा घनमीटरच्या जरा वर लागेल. तिथे दुसऱ्या गाडीचं माप आधी सांगून टाकायचं नसतं. पहिली गाडी रिकामी होत आली की उरलेला भाग टेपनं मोजायचा, पंपाच्या नळीत अडकून राहणारं काँक्रीट त्यात धरायचं आणि मग प्लांटला आकडा कळवायचा. १२५ मिलिमीटरची तीस मीटर नळी असेल तर तेच ०.३७ घनमीटर होतं, आणि पहिल्यांदा हिशोब करणाऱ्याच्या यादीत ते कधीच नसतं.

मिक्सर लावून हातानं टाकायच्या स्लॅबलाही हीच सोय करून घेता येते. काँक्रीट एका टोकापासून टाकत आणलं आणि मधल्या बीमच्या मध्यरेषेपर्यंत पोचलं की बरोबर निम्मं काम झालेलं असतं. तिथे रिकाम्या पिशव्या मोजाव्यात. नासाडी आणि पाव इंच जाडी दोन्ही पूर्ण वापरली गेली असतील तरी ४१ च्या वर जायला नकोत. ३९-४० असतील तर सगळं ठीक चाललं आहे. ४३ झाल्या असतील तर त्याच चालीनं एकूण ८६ लागणार आणि चार कमी पडणार. तेव्हा आधी दुकानाला फोन करायचा, मग टोकदार तार ओल्या काँक्रीटमध्ये खुपसून चार ठिकाणी जाडी बघायची. जाडी पाच इंच भरली तर मिक्सरजवळ जाऊन वाळूचा फर्मा कितीदा भरला जातोय ते पाहायचं.